दोन क्रियापदे आणि एक निरोप

आमच्या कमलनगरच्या स्थानकावर लातूर रोडकडून गाडी येऊन थांबली म्हणजे पाच मिनिटांत तीन भाषा कानांवर पडतात. पोते उतरविणारा हमाल कन्नडमध्ये हाका मारतो, उदगीरहून आलेली आजीबाई नातवाला मराठीत दटावते आणि पेरूवाला दखनीत भाव सांगतो. सीमेवरच्या गावात वाढल्यामुळे एका भाषेतून दुसरीत जाणे म्हणजे या फलाटावरून त्या फलाटावर जाण्याइतके सोपे, असे आम्ही पुष्कळ वर्षे समजत होतो. आमचा हा समज दूर केला तो आमच्या भाचीने, आणि तोही दोनच क्रियापदांच्या साहाय्याने.

ही भाची पाच वर्षांची असताना तिची आई, म्हणजे आमची धाकटी बहीण, वारली. तेव्हापासून तिला आमच्या मातुःश्रींनी वाढविले. शाळा मराठीतच झाली. पुढे हैदराबादला इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठात तिने स्पॅनिश भाषा घेतली. गावात कोणी विचारले, की ‘या भाषेचा उपयोग काय?’ तर मातुःश्री उत्तर देत, ‘ती बोलेल आणि समोरचा ऐकेल, हाच उपयोग.’ सन २०१८ मध्ये तिला स्पेनमधील सालामांका येथे एक वर्ष शिकण्याची संधी मिळाली. तेथील विद्यापीठाची स्थापना सन १२१८ मधली. म्हणजे ती पोहोचली त्याच वर्षी त्याला आठशे वर्षे पूर्ण झाली होती. आम्हांस या आठ शतकांचे कौतुक वाटले. मातुःश्रींची चिंता वेगळी होती. ‘परक्या मुलखात लेकराला जीव कोण लावील?’ एवढेच त्या गाडी सुटेपर्यंत म्हणत राहिल्या.

आता ती दोन क्रियापदे. स्पॅनिशमध्ये ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे दोन प्रकारे सांगता येते. एक ‘ते किएरो’ आणि दुसरे ‘ते आमो’. यांतील ‘ते’ म्हणजे ‘तुला’. ‘किएरो’ हे ‘केरेर’ या क्रियापदाचे रूप, आणि ‘आमो’ हे ‘आमार’ या क्रियापदाचे. ‘आमार’चा अर्थ प्रेम करणे. ‘केरेर’चा अर्थ मात्र दुहेरी आहे: हवे असणे आणि प्रेम करणे. पाण्याचा पेला मागावयाचा तर हेच ‘किएरो’ आणि आईच्या गळ्यात पडावयाचे तरीही हेच ‘किएरो’.

हैदराबादहून निघताना भाचीच्या वहीत या शब्दांची एक शिडी काढलेली होती. सर्वांत खालच्या पायरीवर ‘मे गुस्ता’, म्हणजे ‘मला आवडते’. मधल्या पायरीवर ‘ते किएरो’. आणि सर्वांत वर ‘ते आमो’. जितके प्रेम अधिक तितकी वरची पायरी, असा सरळ हिशेब. ती शिडी आम्हीही पाहिली आणि मान डोलावली. नवीन भाषा शिकणाऱ्यास असे हिशेब फार सोयीचे वाटतात. परंतु सालामांकास पोहोचल्यावर त्या शिडीची एकेक पायरी निखळत गेली.

पहिली निखळली ती सर्वांत खालची. भाची ज्या घरी राहत होती तेथील घरमालकीण ही साठीच्या पुढची विधवा बाई होती. थंडी मोठी कडाक्याची. ही बाई रात्री उठून भाचीच्या अंगावर दुसरे ब्लँकेट घालून जाई. एके रविवारी तिचे भाऊ, भावजय व पुतणे जेवावयास आले. ‘आमची बहीण तुला कशी वाटते?’ असे भावाने सहज विचारले. भाचीच्या मनात शुद्ध मराठी वाक्य तयार झाले: ‘मला काकू फार आवडतात.’ आणि तिने त्याच साच्यात ते स्पॅनिशमध्ये ओतले: ‘ला सेन्योरा मे गुस्ता मुचो.’ पंगतीत क्षणभर शांतता पसरली. एका पुतण्यास ठसका लागला. मग सारे जण हसू लागले आणि घरमालकीणही पदर नसताना पदरात तोंड लपवावे तशी हातरुमालाआड हसली.

झाले होते ते असे. स्पॅनिशमधील ‘गुस्तार’ या क्रियापदाची ठेवण आमच्या ‘आवडणे’सारखी आहे. इंग्रजीत ‘मी आंबा आवडतो’ असे उलटे म्हणतात. स्पॅनिश मनुष्य मात्र आपल्यासारखाच ‘मला आंबा आवडतो’ म्हणतो. इंग्रजी मुलखातील विद्यार्थ्यांना ही रचना शिकताना घाम फुटतो. मराठी मुलाला ती जन्मतःच येते. नेमका येथेच खड्डा आहे. आंबा, गाणे, पाऊस यांच्याबाबतीत ‘गुस्तार’ निर्धास्तपणे वापरावे. परंतु एखाद्या माणसाबद्दल ते वापरले, की बहुधा तेथे रूपाचे, यौवनाचे आकर्षण ध्वनित होते. एखाद्या तरुणाने तरुणीला ‘मे गुस्तास’ म्हटले, तर तो तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो हे तिला कळते. आपल्या ‘आवडणे’त आजीही मावते, शिक्षकही मावतात, त्यांच्या ‘गुस्तार’मध्ये ती मावत नाहीत. रचना सारखी असली म्हणजे अर्थही सारखाच असेल, असे मानल्यामुळे ही फजिती झाली.

त्या रात्री घरमालकिणीने तिला योग्य वाक्य शिकविले: ‘ले तेंगो मुचो कारिन्यो.’ शब्दशः पाहिले, तर ‘मी तुमच्याविषयी पुष्कळ माया बाळगते’. ‘कारिन्यो’ म्हणजे माया, जिव्हाळा. परक्या घरी राहणाऱ्या मुलीने वडीलधाऱ्या स्त्रीस हे पहिल्या महिन्यात म्हटले, तरी कोणास वावगे वाटत नाही. भाचीने शिडीची खालची पायरी खोडली आणि तेथे ‘कारिन्यो’ लिहिले.

मधल्या पायरीकडे वळण्यापूर्वी ‘केरेर’ या शब्दाचे कुळ पाहिले पाहिजे. हा शब्द लॅटिनमधील ‘क्वेरेरे’ या क्रियापदापासून आला. त्याचा मूळ अर्थ शोधणे, विचारणे. शोधतो ते आपल्याला हवे असते; आणि जे माणूस आपल्याला नेहमी हवे असते ते प्रिय होते. असा हा शब्द शोधापासून इच्छेकडे आणि इच्छेपासून प्रेमाकडे चालत आला. भाचीने हे लिहिले तेव्हा आम्हांस ते प्रथम विचित्र वाटले. ‘तू मला हवीस’ असे आईला कोण म्हणेल? परंतु एके दिवशी फलाटावर उभे असताना आमच्या ध्यानात आले, की हा प्रवास आमच्या अवतीभवतीच्या सर्वच भाषांनी केला आहे. दखनीत व उर्दूत ‘चाहना’ म्हणजे इच्छिणे आणि ‘चाहना’ म्हणजेच प्रेम करणे. एखादी आई लेकराला फार ‘चाहती’, असे शेजारीपाजारी बोलतात. कन्नडमध्ये ‘बेकु’ म्हणजे हवे आणि ‘बेकादवरु’ म्हणजे आपली जवळची माणसे. संस्कृतात ‘इष्’ म्हणजे इच्छिणे. त्यावरून आलेला ‘इष्ट’ हा शब्द आपण ‘इष्टमित्र’ म्हणताना वापरतो. आणि मराठीत ज्याच्या सहवासाचा कंटाळा येत नाही त्यास आपण ‘हवाहवासा’ म्हणतो; कंटाळा आला, की तोच ‘नकोसा’ होतो. मग ‘केरेर’ आम्हांस परके वाटावे कशासाठी?

एकाच शब्दात पाण्याची इच्छा आणि आईचे प्रेम असेल, तर घोटाळा होत नाही काय? सहसा होत नाही, कारण स्पॅनिश व्याकरणाने मध्ये एक छोटासा पहारेकरी ठेवला आहे. विशिष्ट मनुष्य कर्म असेल, तर त्याच्यापूर्वी ‘आ’ हे अव्यय लावतात. ‘किएरो उना एन्फेर्मेरा’ म्हणजे ‘मला एक परिचारिका हवी आहे’. ती कोणीही चालेल, कामाशी काम. ‘किएरो आ उना एन्फेर्मेरा’ म्हणजे मात्र ‘माझे एका परिचारिकेवर प्रेम आहे’. एवढ्याशा ‘आ’ने दवाखान्यातील गरज संपते आणि गोष्ट हृदयात शिरते. मराठी मुलांना हा नियम कळण्यास वेळ लागू नये. ‘ताप वाढला, डॉक्टर आण’ आणि ‘आपल्या डॉक्टरांना आण’ या दोन वाक्यांत आपला ‘ना’ असेच काहीसे काम करतो. पहिल्या वाक्यात कोणीही डॉक्टर चालतो. दुसऱ्यात आपल्या ओळखीचा विशिष्ट मनुष्य उभा राहतो.

आता सालामांकाच्या त्या घरात ‘ते किएरो’ कोण कोणास म्हणत असे, हे भाचीने लिहून पाठविले होते. घरमालकिणीची मुलगी माद्रिदला नोकरी करीत असे. ती रोज रात्री फोन ठेवताना आईला ‘ते किएरो, मामा’ म्हणे. आई ‘इ यो आ ती’, म्हणजे ‘आणि मी तुला’, असे उत्तर देई. पुतण्या आजोबांना निरोप देताना हेच म्हणे. शाळेतल्या दोन मैत्रिणी रस्त्यात एकमेकींस भेटल्या, की निघताना हेच म्हणत. तरुण मुले मित्राच्या पाठीवर थाप मारून हेच म्हणत, मात्र थोडे हसण्यावारी नेऊन. आणि घरमालकीण आपल्या दिवंगत पतीच्या तसबिरीकडे पाहून ‘तो मला फार जपे’ असे सांगताना याच क्रियापदाचे रूप वापरीत असे. म्हणजे आई, मित्र, आजोबा आणि पती या सर्वांसाठी एकच शब्द! ‘ते आमो’ मात्र त्या घरात भाचीने वर्षभरात एकदाही ऐकले नाही. ऐकले ते दूरदर्शनवर, परदेशी मालिकांत आणि गाण्यांत.

यावरून त्या घरात प्रेम मधल्या पायरीवरच थांबले होते, असे कोणी म्हणेल काय? आमच्या भाचीस हा प्रश्न पडला आणि त्याचे उत्तर तिला एका दुःखद प्रसंगातून मिळाले. तो प्रसंग आम्ही थोडा विस्ताराने सांगतो, कारण सगळी गोम त्यात आहे.

भाचीच्या शेजारच्या खोलीत मेक्सिको देशातील पुएब्ला शहराची एक मुलगी राहत असे. तिचा विवाह स्पेनमधल्याच वायादोलिद येथील एका तरुणाशी ठरला होता. दोघांची मातृभाषा स्पॅनिश. भाषेची अडचण येण्याचे कारणच नव्हते. तरी एके रात्री ती मुलगी रडत भाचीच्या खोलीत आली. म्हणाली, ‘आठ महिने झाले. तो मला अजूनही ‘ते किएरो’च म्हणतो. एकदाही ‘ते आमो’ म्हणाला नाही. मी विवाह मोडावा काय?’

भाचीने तिला शांत केले आणि आपली वही पुढे ओढली. तिने विचारले, ‘तुझ्या घरी कोण कोणास काय म्हणते?’ तेव्हा दिसून आले, की पुएब्लाच्या त्या घरात आई मुलीला फोनवर ‘ते आमो’ म्हणते, मुलगीही आईला म्हणते, वडील आईला रोज म्हणतात. ‘ते किएरो मुचो’ ती म्हणते मैत्रिणींना, मावसभावंडांना, आवडत्या शिक्षिकेला. प्रियकर-प्रेयसीच्या बाबतीत तिच्या गावची रीत अशी, की ओळख वाढत असताना ‘ते किएरो’ म्हणावयाचे आणि मनाचा निश्चय झाला, की ‘ते आमो’. एकदा ‘ते आमो’ म्हटल्यावर पुन्हा खालच्या शब्दावर उतरणे म्हणजे प्रेम आटल्याची खूण. अशा मुलीला आठ महिने ‘ते किएरो’ ऐकावे लागले, तर ‘हा मनुष्य मला मैत्रिणीइतकीच मानतो’ असे तिला वाटले, यात तिचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी तो तरुण आला. भाचीने त्यालाही तोच प्रश्न विचारला. तो गोंधळून म्हणाला, ‘माझ्या वडिलांनी माझ्या आईला जन्मात कधी ‘ते आमो’ म्हटलेले मी ऐकले नाही. ते म्हणतात ‘ते किएरो’, आणि तीस वर्षे ते खरे करून दाखवितात. ‘ते आमो’ हे मला नाटकातले वाटते. रोजच्या दिवशी लग्नाचा पोशाख घालून बाजारात जावे, तसे.’ भाचीने पुढचा प्रश्न टाकला, ‘तू आईलाही ‘ते किएरो’ म्हणतोस आणि हिलाही. मग हिने फरक ओळखावा कसा?’ तो जरा विचारात पडला आणि मग म्हणाला, ‘आईला मी ‘ते किएरो मुचो’ म्हणतो. हिला नुसते ‘ते किएरो’.’

‘मुचो’ म्हणजे पुष्कळ. आमच्या मराठी बुद्धीस वाटेल, की पुष्कळ जोडले म्हणजे प्रेम वाढले. परंतु या ठिकाणी उलटे आहे. नवख्या प्रेमाच्या कबुलीत ‘मुचो’ जोडला, की ते वाक्य बहुधा घरगुती मायेचे किंवा मैत्रीचे होते. नुसते ‘ते किएरो’ हे उघडे, निर्भर वाक्य. त्यास मापाची गरज नाही. ‘मी तुला फार मानतो’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यातील ‘फार’ जसे मधे सभ्य अंतर ठेवते, तसे ‘मुचो’चे काम आहे. अर्थात लग्न होऊन वीस वर्षे झालेले पतिपत्नी एकमेकांस ‘मुचो’सह म्हणतात, त्यास कोणी मैत्री समजत नाही. शब्दाचा अर्थ शेवटी कोण, कोणास, कोणत्या वेळी बोलतो त्यावर ठरतो.

ही गोष्ट ऐकताना ती मुलगी हळूहळू सावरली. त्या तरुणाने मग तिच्यासाठी म्हणून ‘ते आमो’ म्हणून पाहिले. बिचाऱ्याचे कान लाल झाले आणि स्वर पाठांतर म्हणून दाखविणाऱ्या मुलासारखा निघाला. तिला हसू आवरेना. ती म्हणाली, ‘तू आपला ‘ते किएरो’च म्हण. आता मला ते ऐकू येते.’ विवाह मोडला नाही. दोघांनी आपापला शब्द ठेवला आणि एकमेकांचा कळून घेतला.

या प्रसंगानंतर भाचीने वहीतील शिडी पुसून टाकली आणि तिच्या जागी एक कोष्टक केले. उभ्या घरांत माणसे: आई-वडील, भावंडे, मित्र, पती-पत्नी. आडव्या घरांत गावे. स्पेनपुढे तिने जवळजवळ सर्व घरांत ‘ते किएरो’ लिहिले. ‘ते आमो’ फक्त पतिपत्नींच्या घरात, तेही कंसात: विशेष प्रसंगी, विवाहाच्या दिवशी, पत्रात. मेक्सिकोपुढे पतिपत्नींसाठी ‘ते आमो’ आणि आई व मुले यांच्यासाठी दोन्ही. मित्रांसाठी ‘ते किएरो’. अर्जेंटिनाच्या एका सहाध्यायिनीस विचारले, तर तिने मित्रांसाठी ‘ते किएरो’ आणि पतीसाठी व मुलांसाठी ‘ते आमो’ सांगितले. लॅटिन अमेरिकेतील शाळकरी मुली तर चिठ्ठीच्या शेवटी ‘ते किएरो मुचो’ची टी, क्यू, एम ही तीनच आद्याक्षरे लिहून मोकळ्या होतात, ती मैत्रीची खूण सर्वांस कळते.

कोलंबियाच्या एका विद्यार्थ्याने या कोष्टकात आणखी एक अडचण आणली. तो म्हणाला, ‘आमच्या घरी वडिलांना ‘तू’ म्हणत नाहीत, ‘उस्तेद’ म्हणतात. तेव्हा ‘ते’ कोठला? आम्ही वडिलांस ‘लो किएरो मुचो’ म्हणतो.’ ‘उस्तेद’ म्हणजे आदरार्थी तुम्ही. ‘ते’ हा तर अरे-तुरेचा शब्द. आमच्या भाचीस हे ऐकून मोठा आधार वाटला. घरमालकिणीने तिला पहिल्याच आठवड्यात बजावले होते, की मला ‘तू’ म्हण, ‘उस्तेद’ म्हटलेस की मी म्हातारी झाल्यासारखी वाटते. परंतु साठीच्या बाईस ‘तू’ म्हणताना कमलनगरच्या मुलीची जीभ अडखळे. अखेर तिने स्वतःची समजूत अशी काढली, की आजीलाही आपण ‘अगं तू’ म्हणतोच की! त्या दिवसापासून जीभ सुटली.

मात्र या कोष्टकाखाली तिने एक ओळ लिहून ठेवली होती, ती आम्हांस त्या कोष्टकाहून मोलाची वाटते. ‘हा कायदा नव्हे, ही ऐकीव रीत आहे.’ एकाच शहरातील दोन घरांची रीत वेगळी असते. आजीची एक आणि नातीची दुसरी असते. मालिका व गाणी समुद्र ओलांडून येतात, तशी स्पेनमधील काही तरुण मंडळीही ‘ते आमो’ म्हणू लागली आहेत. तेव्हा परक्याने काय करावे? भाचीचे उत्तर साधे होते. आधी ‘कारिन्यो’ने सुरुवात करावी; त्यात धोका नाही. मग कान उघडे ठेवावेत. समोरच्याने ज्या क्रियापदाने हात पुढे केला त्याच क्रियापदाने तो धरावा. आणि ‘ते आमो’ हा शब्द, मनात तेवढा निश्चय नसेल, तर सहज तोंडातून जाऊ देऊ नये. तो परत घेता येत नाही.

‘आमार’ला मग घर कोठे? त्याचे घर मोठे आहे, पण त्याचा दरवाजा रोज उघडत नाही. देशावर प्रेम करणे, ईश्वरावर प्रेम करणे, शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करा ही ख्रिस्ती धर्मातील आज्ञा, या सर्व ठिकाणी ‘आमार’ येते. काव्यात, समाधिलेखांत, विवाहाच्या शपथेत ते शोभते. आपणही ‘मातृभूमीवर प्रेम करा’ असे भाषणात म्हणतो. परंतु संध्याकाळी घरी आल्यावर आईला ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असे म्हणणारा मुलगा आमच्या पाहण्यात नाही. ‘प्रेम’ हा शब्द आपल्याकडेही फळ्यावरचा आहे. चुलीजवळ बोलतात ते माया, लळा, जीव लावणे.

आणि याच ठिकाणी आमची गोष्ट शेवटाकडे येते. जून २०१९ मध्ये भाचीची परत येण्याची वेळ झाली. निघण्याच्या आदल्या रात्री तिने मोबाइलवरून घरी संपर्क साधला आणि यंत्र घरमालकिणीच्या समोर धरले. इकडे आमच्या मातुःश्री, डोक्यावरचा पदर सारखा करीत, त्या परक्या बाईकडे बराच वेळ नुसत्या पाहत राहिल्या. दोघींना एकमेकींची एकही भाषा येत नव्हती. मग मातुःश्री म्हणाल्या, ‘त्यांना सांग गं, माझ्या आईवेगळ्या लेकराला तुम्ही जीव लावलात. तुमचे उपकार फिटायचे नाहीत.’

भाची थांबली. नंतर तिने आम्हांस सांगितले, की वर्षभराची परीक्षा तिने त्या एका क्षणात दिली. ‘जीव लावलात’ याचे करावे काय? शब्दशः केले, तर ‘प्राण चिकटविलात’ असे काहीतरी हास्यास्पद होईल. ‘गुस्तार’ तर कायमचे बाद. ‘कारिन्यो’ चालले असते, पण ते तिला आता थोडके वाटू लागले होते. त्यात ब्लँकेट घालण्याइतकी माया येते, तापात तीन रात्री उशाशी बसणे येत नाही. ‘आमार’ म्हटले, तर त्या बाईस आपल्यापुढे कोणी अभिनंदनपर भाषण वाचते आहे असे वाटले असते. राहिले ते ‘केरेर’. तेच ते, पाण्याच्या पेल्याचे आणि आईच्या मिठीचे, रोजच्या वापरातले, झिजून गुळगुळीत झालेले क्रियापद. ती म्हणाली, ‘माझी आजी म्हणते, ग्रासियास पोर केरेरला कोमो आ उना इहा.’ म्हणजे, ‘हिला मुलीसारखी माया लावलीत त्याबद्दल आभार.’

‘कोमो आ उना इहा’ यातही तो छोटा पहारेकरी ‘आ’ उभा आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. कोणी तरी मुलगी हवी म्हणून नव्हे. आपल्या पोटच्या मुलीवर असावे तसे प्रेम.

ती बाई रडू लागली. डोळे पुसून तिने तीनच शब्द उच्चारले: ‘से आसे केरेर.’ भाचीचा कंठ दाटून आला होता, तेव्हा तिला त्याचे मराठी करता येईना. मातुःश्री विचारीत राहिल्या, ‘काय म्हणतात त्या? अगं, काय म्हणतात?’ शब्दशः पाहिले, तर त्याचा अर्थ ‘ही स्वतःवर प्रेम करावयास लावते’. मनुष्याचा स्वभावच असा, की पाहणाऱ्याने त्याला आपला मानावे, अशा वेळी स्पॅनिश भाषेत हा वाक्प्रयोग करतात. आणि तो ‘केरेर’चाच करतात, ‘आमार’चा नाही. अखेर भाचीला शब्द सापडला. तो तिला वहीत सापडला नाही, कोष्टकात नाही, विद्यापीठात तर नाहीच. तो तिने लहानपणी चुलीपाशी ऐकलेला होता.

‘आजी,’ ती म्हणाली, ‘त्या म्हणतात, पोरीनेच लळा लावला.’

मातुःश्रींनी दोन्ही हात जोडले. त्या म्हणाल्या, ‘बरोबर बोलली माय. मलाही असंच वाटतं.’ आणि पडद्यावरच्या त्या बाईनेही, काही न समजता, तसेच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी भाची निघाली. चार दिवसांनी ती कमलनगरच्या फलाटावर उतरली तेव्हा मातुःश्रींनी तिच्या तोंडावरून हात फिरविला, बोटे कानशिलावर मोडली आणि म्हणाल्या, ‘किती वाळलीस गं!’ आम्ही भाचीकडे वळून हळूच विचारले, ‘हे कोणत्या घरात लिहावयाचे? किएरो की आमो?’ ती हसून म्हणाली, ‘मामा, हे ‘मुचो’शिवायचे किएरो आहे.’